वाटा तिघांचा, खुर्ची एकाची

*ताई, नमस्कार. धरणगाव तालुक्यात माझी जिनिंग मिल आहे. १९९६ साली स्वतःच्या कमाईतून उभी केली. आता वय ६८. फर्म भागीदारीची आहे, मी ६० टक्के आणि थोरला मुलगा ४० टक्के. तो २०१२ पासून माझ्याबरोबर मिलवर आहे. धाकटा पुण्याला नोकरीत, लेक शहाद्याला दिली आहे. मिलची तीन एकर जागा माझ्या एकट्याच्या नावावर. मला तिघं सारखी. येत्या दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झालं की तिघांना सारखा तिसरा हिस्सा लिहून द्यावा असं मनात आहे. थोरला म्हणतो, "राबायचं मी आणि वाटा तिघांना?" भाऊबंद म्हणतात, लेकीकडून हक्कसोड घेऊन मोकळे व्हा. आमची ही म्हणते, घरात बोलणं बंद होण्याआधी कुणा जाणत्याला विचारा. काय करू?*
*– एक जिनिंगवाला (गावात सगळे नाना म्हणतात)*

नाना, नमस्कार.

हिश्शांचं थोड्या वेळानं बोलू. त्याआधी एक काम याच महिन्यात उरकून घ्या, कारण पत्र वाचताना मी तिथंच थबकले. तुमच्या फर्मला भागीदार दोनच आहेत. भागीदारीचा कायदा १९३२ सालचा. त्याचं ४२ वं कलम सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदार वारला की फर्म विसर्जित होते. म्हणून बरेच जण करारात "फर्म पुढे चालू राहील" असं वाक्य घालतात आणि निर्धास्त होतात. पण भागीदार दोनच असले तर ते वाक्य उपयोगाला येत नाही. उरलेल्या एकट्या माणसाची भागीदारी कशी होणार?

हे आमच्या घरात घडलेलं आहे. जळगावला वडील आणि काका यांची डाळमिल होती, दोघांचीच फर्म. काका जानेवारीत गेले, नवी तूर बाजारात यायच्या तोंडावर. तेरावं झाल्यावर वडील बँकेत गेले तर कॅश क्रेडिटचं खातं थांबवलेलं. मॅनेजर माणूस चांगला होता, पण ज्या फर्मला मंजुरी दिली होती ती फर्मच उरली नव्हती. नवा करार, नवा पॅन, नवी मंजुरी आणि त्यासाठी काकू आणि चुलतभावांच्या सह्या. त्या मुलांना नेमकं काय मिळणार हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ती सही करायला कचरत होती. त्यांचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. अडीच महिने गेले. हमालांची टोळी दुसऱ्या मिलवर लागली. वडील रोज सकाळी शटर अर्धं वर करून आत खुर्ची टाकून बसायचे. मशीन बंद असली की डाळमिलमध्ये चिमण्या उतरतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तुमच्याकडे असं डिसेंबरात झालं तर फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या असतील आणि शेतकऱ्याला द्यायला खात्यातून रुपया निघणार नाही. शिवाय मृत्युपत्र नसेल तर तुमच्या ६० टक्क्यांवर तुमची पत्नी, दोन्ही मुलं आणि लेक अशा चौघांचा सारखा हक्क, म्हणजे प्रत्येकी १५. पण वारसाला भागीदाराची खुर्ची आपोआप मिळत नसते. त्याला मिळतो तो पैशाचा हक्क. म्हणजे थोरल्यानं ६० पैकी ४५ भागांचे पैसे बाकीच्या तिघांना मोजून द्यायचे. ते तो कुठून देणार? गाठी आणि सरकी बँकेला तारण आहे.

म्हणून या महिन्यात तुमच्या ६० मधून ५ टक्के तुमच्या पत्नीला, म्हणजे तुमच्या घरच्या काकूंना, देऊन त्यांना तिसऱ्या भागीदार करा. कुणी गेलं तरी फर्म चालू राहील हे कलम नव्या करारात घाला, निबंधकाकडे नोंद करा आणि बँकेला लेखी कळवा. यात काकूंवर फर्मच्या देण्याची जबाबदारी येते, हे त्यांना नीट समजावून मगच सही घ्या. ही सोय काही महिन्यांपुरतीच आहे.

आता तिसऱ्या हिश्शाकडे येऊ. थोरल्याचं वाक्य पुन्हा ऐका आणि शेजारी एक साधा हिशेब मांडा. आज त्याच्याकडे ४० टक्के आहेत. तुम्ही तिघांना सारखं केलं की त्याचे ३३ होतात. बारा-तेरा वर्षं कापसाच्या धुळीत काढून त्याचा हिस्सा वाढण्याऐवजी सात टक्क्यांनी घटतो. हे तुमच्या मनात नव्हतं, याची मला खात्री आहे. त्याला मात्र ते पहिल्या क्षणी दिसलं असणार. तो कदाचित भावंडांच्या वाट्यावर चिडलेला नसेलच.

तो मिलवर आला तेव्हापासून त्याला महिन्याचा ठरलेला पगार होता का? आपल्याकडच्या बहुतेक मिलमध्ये नसतो. घरखर्च, मुलांच्या फिया, गाडीचा हप्ता, सगळं मिलमधून उचल म्हणून जातं आणि वर्षाअखेरीस खात्याला लागतं. तुमच्याकडेही तसंच असेल तर ते ४० टक्के म्हणजे इतक्या वर्षांच्या न दिलेल्या पगाराची भरपाई आहे. मागचं काम असं मालकीत मोजून झालं. ते परत उकरू नका. पुढचं काम मात्र मालकीत मोजायचं नाही, पगारात मोजायचं. आणि उरलेले ६० तुमचे स्वतःचे आहेत. ते तिघांना खुशाल सारखे द्या, प्रत्येकी २०. मग शेवटी थोरला ६०, धाकटा २०, लेक २०. तिघं सारखी हा तुमचा शब्द राहतो आणि थोरल्याच्या वाट्याला हातही लागत नाही.

पगार किती, यावर घरोघरी अडतं. कसोटी एकच लावा: उद्या थोरला आजारी पडला तर त्याच्या जागी कुणाला ठेवाल आणि त्याला काय द्याल? उत्तर देताना तुमच्याच धंद्यातली एक गोष्ट आठवा. दिवसाला हजार क्विंटल कापूस आत येतोय. खरेदी करताना ३५ चा उतारा धरला, म्हणजे क्विंटलभर कापसातून ३५ किलो रुई, आणि निघाला ३४. एकाच किलोचा फरक, पण हजार क्विंटलमागे तो हजार किलो रुई होतो. १७० किलोच्या जवळजवळ सहा गाठी, एका दिवसात. त्या रुईच्या जागी सरकी हातात राहते. काट्यावर उभं राहून मूठभर कापूस दाबून ओलावा ओळखणं, उतारा ताडणं आणि त्या घटकेला भाव बोलणं, याचे हे पैसे आहेत. ते भागीदारीच्या टक्क्यात मिसळले की ना काम दिसतं ना भांडवल.

आकडे घेऊन दाखवते. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा कुणाचा पगार आणि व्याज काढण्याआधी मिलचा वर्षाचा नफा ४० लाख आहे. थोरल्याला महिना ६० हजार पक्के, म्हणजे ७ लाख २० हजार. शिवाय या ४० लाखांवर १२ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार. झाले १२ लाख. हे त्याच्या कामाचे. मिलमध्ये सगळ्यांचं मिळून १ कोटी भांडवल आहे असं धरू. त्यावर ९ टक्क्यांनी ९ लाख व्याज, ज्याचे जितके पैसे आत आहेत त्याला तितकं. हे पैशाचे. उरले १९ लाख. त्यावर फर्मचा कर सेससकट ३१.२ टक्के, साधारण ६ लाख. हाती १३ लाख. यातले निम्मे मिलमध्येच ठेवा, कारण रोलर, मोटरी आणि पुढच्या मोसमाची खरेदी थांबत नाही. उरलेले साडेसहा लाख मालकीचे. ते ६०, २०, २० प्रमाणे वाटले की थोरल्याला ३ लाख ९० हजार आणि धाकट्याला नि लेकीला प्रत्येकी १ लाख ३० हजार. भागीदाराच्या हातात आलेल्या नफ्याच्या वाट्यावर त्याला पुन्हा कर नाही.

मंदीचं वर्ष घ्या. नफा १५ लाखच झाला. थोरल्याला ७ लाख २० हजार आणि १ लाख ८० हजार, असे ९ लाख. उरलेले ६ लाख व्याजात जातील. व्याज नफ्याबाहेर द्यायचं नाही हे करारात लिहून ठेवा. मालकीचा वाटा त्या वर्षी शून्य. धाकट्याला आणि लेकीला काही मिळणार नाही, पण का मिळालं नाही ते कागदावर दिसेल. थोरल्याचाही पगार घटलेला दिसेल.

आयकर कायदाही हीच रेघ ओढतो. भागीदाराचा पगार फर्मच्या खर्चात धरता येतो तो फक्त प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराचा, तोही नफ्याच्या ठरलेल्या मर्यादेत. भांडवलावरचं व्याज १२ टक्क्यांपर्यंत चालतं. दोन्ही गोष्टी करारात आकड्यानिशी असाव्या लागतात. मंदीच्या वर्षी पगाराचा काही भाग वजावटीत बसणार नाही, तो हिशेब तुमचे सीए करतील.

आता खरी अडचण. धाकट्याला आणि लेकीला तुम्ही आजच्या फर्ममध्ये भागीदार केलंत तर वाट्याबरोबर त्यांच्या गळ्यात मिलचं सगळं देणं पडतं. साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार फर्मच्या पूर्ण देण्याला स्वतःच्या घरादारासकट जबाबदार असतो, हिस्सा २० टक्के असो नाहीतर २. शहाद्याला बसलेल्या लेकीला धरणगावात कोणत्या भावानं गाठी विकल्या हे कळणारही नाही. पण भाव कोसळून कॅश क्रेडिट थकलं तर बँकेची नोटीस तिच्या सासरच्या पत्त्यावर जाईल. जो धंदा चालवत नाही त्याला मालकी द्यायची तर हे भांडं बदलायला हवं.

तुमच्या आकाराच्या मिलला मी एलएलपी सुचवेन, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. कायदा २००८ चा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीही चालते, पण तिथं वाटलेल्या नफ्यावर, म्हणजे लाभांशावर, घेणाऱ्याला पुन्हा कर भरावा लागतो, आणि भागीदारीतून कंपनी करताना जुन्या भागीदारांनी पाच वर्षं निम्म्याहून कमी मतांवर जायचं नाही अशी करसवलतीची अट असते. मुलांना हिस्से देत जायचं असेल तर ती अट मध्ये येते. एलएलपीत भागीदाराची जबाबदारी त्यानं कबूल केलेल्या भांडवलापुरती. कारभाराची कायदेशीर जबाबदारी नेमलेल्या भागीदारांवर असते. ते किमान दोन लागतात. सुरुवातीला तुम्ही आणि थोरला.

रूपांतराच्या वेळी जुन्या फर्मचे जे भागीदार तेच आणि तेवढेच एलएलपीत येतात. म्हणून आधी तुम्ही, काकू आणि थोरला. ते झालं की तुमच्या दोघांच्या ६० मधून धाकट्याला ५ आणि लेकीला ५ देऊन त्यांना आत घ्या. नात्यात दिलेल्या या बक्षिसावर त्यांना आयकर नाही. सगळे २० आजच देऊ नका. उरलेले ५० मृत्युपत्रानं जाऊ द्या, थोरल्याला २०, त्या दोघांना १५-१५. काकूंच्या नावच्या पाच टक्क्यांसाठी त्यांचंही मृत्युपत्र याच मापानं करा, म्हणजे बेरीज चुकणार नाही. आज पाच का द्यायचे? कारण त्यामुळे दोघं भागीदार होऊन बसतात आणि तुमच्या माघारी फक्त आकडे वाढतात. कुणाला नव्यानं आत घ्यायचा प्रश्न राहत नाही. दुसरं असं की तुम्ही समोर असताना त्यांना मिलचा ताळेबंद वाचायची सवय लागते. सरकीचा भाव पडला की नफा का पडतो, हे धाकट्यानं तुमच्या तोंडून ऐकलेलं बरं, भावाच्या तोंडून ऐकलं तर त्याला ते कारण वाटणार नाही, सबब वाटेल.

इथं एक धोका फार लोकांच्या लक्षात येत नाही. एलएलपीचा करार लोक नेटवरून नमुना उतरवून घेतात. करारात एखादी गोष्ट लिहायची राहिली तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले नियम आपोआप लागू होतात. ते काय म्हणतात पाहा. नफा-तोटा सगळ्यांना सारखा. कारभारात प्रत्येकाला भाग घेता येईल. कुणालाही पगार नाही. आणि निर्णय बहुमतानं, पण डोकी मोजून, प्रत्येकाला एक मत. म्हणजे तुमच्या माघारी थोरल्याकडे ६० टक्के असूनही धाकटा आणि लेक दोन मतांनी त्याला हरवू शकतील. तुम्ही इतक्या विचारानं वेगळी केलेली खुर्ची आणि वाटा एका न लिहिलेल्या ओळीनं पुन्हा एकत्र होतात. म्हणून नफ्याचं प्रमाण, थोरल्याचा पगार, मत हिश्शाप्रमाणे की डोक्याप्रमाणे, आणि रोजचा कारभार कुणाचा, या चार गोष्टी करारात शब्दात लिहिलेल्या हव्यातच. खरेदी, विक्री, नोकर ठेवणं-काढणं, ठरलेल्या मर्यादेतलं कर्ज, हे सगळं थोरल्याच्या एकट्याच्या अधिकारात द्या. भावंडांनी त्यात तोंड घालायचं नाही.

पण त्याला मोकळं रानही देऊ नका. काही बाबतीत तिघांची सही लागेल असं ठेवा: मिल विकणं, मर्यादेबाहेरचं कर्ज, नवा भागीदार, आणि थोरल्याचा स्वतःचा पगार वाढवणं. त्याच्या मुलाला किंवा मेहुण्याला मिलवर नोकरी देणंही त्यातच घाला. ही बाब लोकांना क्षुल्लक वाटते, पण माझ्याकडे येणाऱ्या भांडणांतली निम्मी तिथूनच सुरू झालेली असतात. वर्षाचा ताळेबंद ३० सप्टेंबरपर्यंत दोघांच्या हातात पडला पाहिजे, ही अट तारखेसकट लिहा. न राबणाऱ्या मालकाला एवढाच हक्क पुरतो, पण तो पक्का हवा.

कुणाला बाहेर पडायचं झालं तर? धाकट्याला पुण्यात घर घ्यायचंय आणि त्याला त्याचे पैसे हवेत, हे दहा वर्षांत नक्की होईल. भाव तेव्हा ठरवायला गेलात तर घर फुटेल. आजच सूत्र लिहा. उदाहरणार्थ, त्याच्या खात्यावरचं भांडवल, अधिक मागच्या तीन वर्षांच्या त्याच्या वाट्याच्या सरासरीची तिप्पट. आमच्या आकड्यात वाट्याची सरासरी १ लाख ३० हजार धरली तर तिप्पट ३ लाख ९० हजार, आणि त्यात त्याचं भांडवल. घ्यायचा पहिला हक्क थोरल्याचा. पैसे पाच वर्षांत, आणि हप्ता मोसम संपल्यावर, एप्रिलनंतर. ऐन खरेदीत कुणी हप्ता मागू नये.

या सूत्रात जागा धरायची नाही. जागेचं वेगळं बोलू, कारण तीन एकर रस्त्याला लागून असेल तर तिची किंमत मिलपेक्षा जास्त भरेल आणि सगळा हिशेब तीच गिळेल. जागा तुमच्याच नावावर राहू द्या. एलएलपीला १५ वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्यानं द्या, बाजारभावानं भाडं, दर तीन वर्षांनी वाढ. भाडं तुमच्या हयातीत तुम्हाला आणि तुमच्या माघारी काकूंना, त्या असेपर्यंत. म्हणजे त्यांना थोरल्या सुनेपुढे हात पसरायला नको. पुढे जागा तिघांना सारखी, पण पट्टा संपेपर्यंत वाटणी मागायची नाही आणि विकायची झाली तर पहिली विचारणा थोरल्याला. हे सगळं मृत्युपत्रात. घर किंवा शेतजमीन मुलांना बक्षीसपत्रानं दिली तर आपल्या राज्यात मुद्रांक २०० रुपये लागतो, म्हणून लोक मिलच्या जागेलाही तोच नियम समजतात. तो कारखान्याच्या जागेला नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही. दोन साक्षीदार घ्या, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे. नोंदणी सक्तीची नसली तरी करा.

ही जागा बँकेकडे गहाण असणार. त्यामुळे पट्टा करण्याआधी बँकेची लेखी संमती घ्या. त्याच बैठकीत विचारून घ्या की एलएलपी झाल्यावर बँक कुणाकुणाची वैयक्तिक हमी मागणार. कायद्यानं लेकीची जबाबदारी मर्यादित केलीत आणि बँकेच्या हमीपत्रावर तिची सही घेतलीत तर केलेलं सगळं पाण्यात. हमी नेमलेल्या भागीदारांचीच, हे मंजुरीपत्रात आलं पाहिजे. बँक पाच टक्क्यांच्या भागीदाराचीही हमी मागायला लागली तर लेकीला आणि धाकट्याला आत घेणं लांबवा, पण सही देऊ नका. आणि रूपांतराआधीच्या देण्याला तुम्ही तिघं जुने भागीदार स्वतः जबाबदार राहताच, ते एलएलपीनं पुसलं जात नाही.

भाऊबंदांच्या हक्कसोडीबद्दल. मिल आणि जागा तुमच्या स्वतःच्या कमाईची असेल तर तुम्ही हयात असताना तिच्यात लेकीचा हक्क अजून उभाच राहिलेला नाही. पुढे मिळेल या आशेवरचा हक्क आज सोडता येत नाही. असा कागद करून तुम्ही तिला दुखवाल आणि थोरल्याच्या हातात टिकाऊ असं काही पडणार नाही. आणि मिल उभी करताना वडिलोपार्जित जमीन विकून पैसा घातला असेल, तर २००५ च्या दुरुस्तीनं लेकीला मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये ते आणखी स्पष्ट केलं, वडील २००५ नंतर हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही. तसं असेल तर माझा वरचा ६०-२०-२० चा हिशेबही बदलेल. म्हणून १९९६ चा पैसा कुठून आला ते आठवून, कागद असतील तर काढून, वकिलाला दाखवा. लेकीला तिचा वाटा देऊनही खुर्ची थोरल्याकडेच राहते, हेच तर आपण सगळीकडे करत आलो.

राहिला कारभार. मालकी सावकाश द्या, कारभार लवकर द्या. तुम्ही मात्र उलटं करायला निघाला होतात, पाडव्याला मालकी द्यायची आणि काट्यावर स्वतः बसायचं. माझ्या माहितीतल्या एका मिलवर वडिलांनी सगळे कागद मुलाच्या नावे केले. मुलगा काट्यावर उभा राहून भाव बोलायचा आणि गाडीवाला त्याच्यासमोरच मागे बघून विचारायचा, "नाना काय म्हनतस?" वडील ओसरीवरून बोट वर करायचे. एक बोट, म्हणजे क्विंटलला शंभर जादा. मुलगा त्या मोसमात दोन महिने राहिला, मग औरंगाबादला नोकरी धरली.

तुमच्याकडे कारभार गेला की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. दलालाचा फोन कुणाच्या मोबाईलवर वाजतो ते बघा. सूतगिरणीचा खरेदीदार थोरल्यानं बोललेला भाव पुन्हा तुम्हाला विचारून घेतो का ते बघा. घेत असेल तर तुम्ही एकच उत्तर द्यायचं, "त्यालाच विचारा." दिवसातून वीस वेळा द्यावं लागलं तरी. या मोसमात खरेदी सगळी त्याची, बँकेत दहा लाखांपर्यंत सही त्याची एकट्याची, त्यावर दोघांची. पुढच्या मोसमात ती मर्यादाही काढा. तो चुकेल. पहिल्या वर्षी ओला कापूस जादा भावानं घेईल. संध्याकाळी घरी, दार लावून सांगा. काट्यावर नको.

वेळेचं एवढंच, की पाडव्याला काही लिहू नका. तो मोसमाच्या भरात येतो आणि वर्षाच्या मधोमध हिशेब तुटतो. काकूंना आत घेण्याचं काम आणि तुमचं मृत्युपत्र आत्ता करा. एलएलपी १ एप्रिलला. नवा पॅन, जीएसटीची नवी नोंदणी, बाजार समितीचा परवाना, महावितरणचं कनेक्शन, बँकेची कागदपत्रं, हे सगळं ऑगस्टपर्यंत नव्या नावावर झालं पाहिजे, म्हणजे दसऱ्याला पहिली गाडी काट्यावर येईल तेव्हा पावती नव्या नावाची फाटेल. धाकट्याला आणि लेकीला त्यानंतर आत घ्या.

बोलायला तिघांना एकाच दिवशी, एकाच खोलीत बसवा. जावई आणि सुना दुसऱ्या दिवशी. थोरल्याला आधी एकट्याला काही सांगू नका. सांगितलं तर बाकीच्या दोघांना ते ठरवून आलेलं वाटेल.

आणि सीएंकडे जाण्याआधी बँकेच्या शेवटच्या मंजुरीपत्राची प्रत काढून ठेवा. जागा कोणत्या कर्जाला गहाण आहे आणि जामीनदार म्हणून आज कुणाकुणाची नावं आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. काकूंची सही त्यावर आधीच असली तर मला पुन्हा कळवा.